संयानच्या मठिकेतली नऊ पानं

मागच्या महिन्यात मोठे भाईजान मुलाला घेऊन कारेगावला आमच्याकडे दोन दिवस मुक्कामाला होते. भाच्याची बी.ए.ची सराव परीक्षा नुकतीच झाली होती, आणि इतिहासाच्या पेपरात एका प्रश्नाला आठपैकी दोन गुण मिळाल्यामुळे तो चांगलाच घुश्श्यात होता. चहा व्हायच्या आत त्याने उत्तरपत्रिका माझ्यासमोर ठेवली.

"फुप्पू, तूच सांग. मी दीड पान लिहिलंय. एकही वाक्य चुकीचं नाही. तरी दोन?"

प्रश्न असा होता : ताम्रपटातला उतारा दिला होता आणि खाली विचारलं होतं, या उताऱ्यावरून तत्कालीन आर्थिक व सामाजिक स्थितीची कोणती माहिती मिळते? उतारा पाहिला आणि मलाच आनंद झाला. तो चिंचणीच्या ताम्रपटातला होता. चिंचणी म्हणजे आपल्या पालघर जिल्ह्यातली, डहाणू तालुक्यातली. तिथे 1955 मध्ये शेतात काही जुने ताम्रपट मिळाले. दिनेशचंद्र सरकार या मोठ्या अभिलेखतज्ज्ञांनी ते वाचून 'एपिग्राफिया इंडिका'त प्रसिद्ध केले. त्यांतला सगळ्यात जुना शके 848 चा, म्हणजे 78 मिळवले की इसवी सन 926 चा. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला.

संस्कृत ताम्रपटात काय आहे ते माझ्या शब्दांत सांगते. इंद्राच्या आधीचा राजा कृष्ण याने संयान मंडल, म्हणजे आजचं संजाण आणि भोवतालचा किनारा, मधुमती नावाच्या माणसाच्या ताब्यात दिलं. हा मधुमती ताजिक, म्हणजे अरबी-इराणी मुलखातून आलेल्या लोकांपैकी. बापाचं नाव सहियारहार. त्याने आसपासच्या बंदरांच्या प्रमुखांना जिंकून तिथे आपले अधिकारी नेमले. दोन प्रवाहांवर फुकट होडीची सोय केली. संयानला अन्नछत्र घातलं, तिथे साळीचा भात, कालवणं आणि तूप फुकट मिळे. त्याच्या अमलात अन्नैय नावाच्या ब्राह्मणाने संयानला एक मठिका बांधली. राजाच्या संमतीने त्या मठिकेला काणाडुक नावाचं गाव आणि देवीहर गावातली एक धुर जमीन मिळाली. कशासाठी? मठिकेची डागडुजी, देवीचा नैवेद्य, आणि पंचगौडीय महापरिषदेतल्या नऊ जणांचं जेवण.

मधुमती म्हणजे मुहम्मद, आणि सहियारहार म्हणजे शहरियार. संस्कृत लिहिणाऱ्याने कानाला ऐकू आलं तसं लिहिलं, आणि जमेल तितकं संस्कृत करून लिहिलं. आपल्या लग्नपत्रिका छापणारा आजही नावांचं काय करतो ते तुम्हाला ठाऊक आहेच.

आता भाच्याचं उत्तर. पहिलं वाक्य : "राष्ट्रकूट राजे अतिशय सहिष्णू होते." दुसरं : "दहाव्या शतकात हिंदू-मुस्लिम गुण्यागोविंदाने राहत होते." पुढे अरब व्यापाराचा परिच्छेद, घोड्यांची आयात, सुलेमान नावाचा प्रवासी, वेरूळचं कैलास लेणं. शेवटी पुन्हा सहिष्णुता. मी त्याला विचारलं, "यातलं उताऱ्यात काय आहे?" तो गप्प. दीड पानात काणाडुकचं नाव नव्हतं, होडी नव्हती, तूप नव्हतं. जे पाठ होतं ते त्याने लिहिलं, आणि समोर जे ठेवलं होतं ते वाचलंच नाही. गुण देणाऱ्या सरांनी दोन दिले हे मला तरी उदारच वाटलं.

भाईजान मध्येच म्हणाले, "मला दाखव तो कागद." भाईजानांचं शिक्षण दहावीपर्यंत, पण रांजणगावच्या एमआयडीसीमुळे आमच्या भागात जमिनींचे जे व्यवहार झाले, त्यात त्यांनी इतकी खरेदीखतं वाचली आहेत की दस्त हातात आला की ते आधी शेवटचं पान उलटून चतुःसीमा पाहतात. "हे तर बक्षीसपत्र आहे," ते म्हणाले. "देणारा कोण, घेणारा कोण, मिळकत कोणती, कशासाठी, चतुःसीमा काय. वरचं सगळं राजाचं कौतुक सोडून द्या."

मी वर्गात दोन तास घालवून जे सांगते, ते भाईजानांनी एका दमात सांगितलं. ताम्रपट हा आधी दस्त आहे, मग इतिहास. त्याची ठेवण ठरलेली असते. आधी मंगल, मग राजाच्या घराण्याची स्तुती, मग प्रत्यक्ष दान, मग सीमा, आणि शेवटी हे दान हिरावून घेणाऱ्याला शाप. स्तुतीतला प्रत्येक राजा शत्रूंचा कर्दनकाळ असतो आणि शापातला प्रत्येक दुष्ट हजारो वर्षं नरकात जातो. हे भाग लेखनिकाला तोंडपाठ असत. त्यावरून त्या गावाची, त्या वर्षाची माहिती मिळत नाही. मधला भाग मात्र चुकीचा लिहिला तर दस्तच निकामी होतो. कोणतं गाव दिलं हेच चुकलं तर मठिका काय खाणार? म्हणून त्या भागावर विश्वास जास्त ठेवायचा.

सीमांचा विषय निघाला म्हणून भाईजानांना मी आपल्या भागातल्या एका ताम्रपटाची गोष्ट सांगितली. शके 690 चा, म्हणजे सन 768 चा, पहिल्या कृष्णराजाचा हा ताम्रपट अभ्यासक तळेगाव ताम्रपट म्हणून ओळखतात. त्यात 'पूनक विषय' असा पुण्याच्या प्रदेशाचा उल्लेख आहे. दान दिलेल्या गावांच्या सीमा सांगताना पूर्वेला खंभग्राम, वोरिमग्राम, दाडिमग्राम; पश्चिमेला अळंदीयग्राम आणि थिऊरग्राम; उत्तरेला मुइला नदी अशी नावं येतात. मी नावं वाचत होते आणि भाईजान बोटं मोडत होते. "खामगाव. बोरी. दाळिंब. आळंदी, पण देवाची नाही, थेऊरशेजारची. थेऊर. आणि मुळा." दौंड-हवेलीच्या शिवेवरची ही गावं त्यांच्या रोजच्या रस्त्यावरची. भाचा आ वासून बघत राहिला. साडेबाराशे वर्षांत सत्ता किती बदलल्या, गावांची नावं मात्र जवळपास तीच. सीमेचा भाग विश्वासाचा का असतो, हे यापेक्षा सोपं करून मला सांगता येणार नाही.

मग आम्ही पुन्हा चिंचणीकडे वळलो आणि उतारा एकेक वाक्य करून वाचायला घेतला.

होडी फुकट केली, असं लिहिलंय. म्हणजे काय कळतं? भाचा म्हणाला, "मधुमती दानशूर होता." मी म्हटलं, ते राहू दे, आधी होडीचं बघ. फुकट केल्याची नोंद करावीशी वाटली, याचा अर्थ होडीला एरवी पैसे पडत असावेत. दोन प्रवाहांवर सोय करावी लागली, म्हणजे माणसांची आणि मालाची ये-जा रोजची होती. खाड्यांनी तुटलेल्या किनाऱ्यावर उतार मिळाल्याशिवाय बाजार भरत नाही. हे झालं आर्थिक अनुमान, आणि ते उताऱ्यातून निघालं.

बंदरांचे प्रमुख जिंकून आपले अधिकारी बसवले. बंदरात अधिकारी कशाला बसवतात? जकातीसाठी, हे उघड आहे. पण इथे जपून लिहायचं. जकात किती, कोणत्या मालावर, हे या वाक्यात नाही. 'बंदरांवर मंडलाधिपतीचं नियंत्रण होतं, त्यावरून बंदराच्या उत्पन्नाचं महत्त्व दिसतं' इथवर थांबायचं. त्यापुढे घोडे आणि खजूर उतरवायला सुरुवात केली की आपण ताम्रपट सोडून गाईड वाचायला लागलो. आणि हेही लक्षात ठेवायचं की हे वाक्य स्तुतीच्या सुरातलं आहे. सगळीच बंदरं जिंकली होती का? दस्त लिहून घेणारा पक्ष तसं म्हणतो, एवढंच.

अन्नछत्रातला साळीचा भात आणि तूप मला फार आवडतं. बाजरीच्या मुलखात बसून ते वाचताना तर जास्तच. त्या किनाऱ्यावर भात हे मानाचं अन्न होतं आणि तुपाएवढी गुरं आसपास होती, हे एका ओळीत आलं.

आता मुख्य गोष्ट, काणाडुक गाव दिलं म्हणजे नेमकं काय दिलं? इथे बहुतेक मुलं चुकतात. त्यांना वाटतं, गावातल्या लोकांना उठवून मठिकेने शेती सुरू केली. तसं नसे. शेतकरी तिथेच, नांगरही तोच. राजाला जाणारा हिस्सा आता मठिकेला जाणार. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत त्यासाठी शब्दांची एक ठरलेली माळ येते. गाव दिलं ते उद्रंग आणि उपरिकर या करांसह, धान्य आणि हिरण्य या रूपात येणाऱ्या देण्यासह, दहा अपराधांच्या दंडासह, आणि विष्टीसह. शिवाय चाट-भट, म्हणजे सरकारी शिपाईप्यादे, त्या गावात शिरणार नाहीत. शब्द ठरीव असले तरी फुकट नाहीत. धान्य आणि हिरण्य वेगळे सांगितले, म्हणजे काही देणं मालाच्या रूपात आणि काही नगद. दंडाचं उत्पन्न दान देता येत होतं, म्हणजे न्याय हे उत्पन्नाचंही साधन होतं. शिपायांना गावात मज्जाव हा दानाचा भाग म्हणून लिहावा लागतो, तेव्हा एरवी ते गावात येऊन काय करत असतील याचा अंदाज करा. आणि विष्टी म्हणजे आपली वेठ. वेठबिगारीतली तीच वेठ. लोकांचे फुकटचे श्रम हेही मिळकतीच्या यादीत होते.

भाईजान म्हणाले, "मग कुळांना विचारलं का?" नाही विचारलं. त्यांना कळवलं. ताम्रपटात कष्ट करणाऱ्याचं नाव सहसा येत नाही. मठिका बांधणाऱ्याचं नाव आहे, त्याला मदत करणाऱ्या मंत्र्याचं आहे, मंडलाधिपतीच्या बापाचं आहे. काणाडुकच्या एकाही शेतकऱ्याचं नाही. उत्तरात एक ओळ यावरही लिहायला हवी, कारण 'सामाजिक माहिती' या शब्दांत हेही येतं की कोणाला नाव होतं आणि कोणाला नव्हतं.

नऊ जणांच्या जेवणाकडे भाच्याचं लक्षच गेलं नव्हतं. एक अख्खं गाव आणि वर थोडी जमीन, यांच्या उत्पन्नातून एक इमारत टिकवायची, रोजचा नैवेद्य दाखवायचा आणि नऊ पानं वाढायची. काणाडुकचं क्षेत्र किंवा पीक लिहिलेलं नाही, त्यामुळे हिशेब मांडता येत नाही, पण संस्थेचा आकार तरी डोळ्यांसमोर येतो. फार मोठा मठ नव्हे. आणि हे नऊ जण कोण? पंचगौडीय, म्हणजे उत्तरेकडच्या ब्राह्मणांच्या परिषदेतले. कोकणातल्या बंदरात त्यांची परिषद होती, तर ते तिथे वस्ती करून होते. अधिकारी आखाती मुलखातल्या वंशाचा, दान खाणारे उत्तरेचे, राजा दख्खनचा. बंदराच्या गावाची ही सामाजिक माहिती आहे, आणि तिच्यासाठी 'सहिष्णुता' हा शब्द लागतच नाही.

इथे भाचा थोडा हिरमुसला. खरं सांगायचं तर त्याला तो शब्द हवाच होता. आपल्यातल्या पुष्कळांना हवा असतो. हजार वर्षांपूर्वी कोकणात मुहम्मद नावाचा सुभेदार होता, त्याने अन्नछत्र घातलं, त्याच्या अमलात देवीच्या मठिकेला गाव मिळालं, हे वाचून ऊर भरून येतो. माझाही आला होता. आणि दुसरीकडे कोणी म्हणतं, मधुमती हे नाव मुहम्मदच कशावरून? दोघांनाही एकच उत्तर आहे : दस्त किती बोलतो तेवढंच ऐका, आणि मग दुसरा साक्षीदार शोधा.

साक्षीदार आहे. मसऊदी हा बगदादचा लेखक हिजरी 304 मध्ये, म्हणजे ताम्रपटाच्या दहाच वर्षं आधी, सैमूरला, आपल्या चौलला, येऊन गेला. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते आणि त्यांच्यातलाच एक जण बल्हरा राजाच्या वतीने त्यांचा प्रमुख होता, असं त्याने लिहिलंय. बल्हरा म्हणजे वल्लभराज, राष्ट्रकूटांचं बिरुद. याच राज्याच्या किनाऱ्यावर, त्याच काळात, मुसलमानाकडे राजाने नेमलेला अधिकार होता, हे परक्याच्या लेखणीतून मिळालं. दहा हजार हा आकडा मात्र डोकी मोजून आलेला नव्हे. प्रवासी गोल आकडे लिहितात.

आणि साक्षीदार उलट्या बाजूचाही आहे. सन 739 च्या नवसारी ताम्रपटात चालुक्यांचा पुलकेशी ताजिकांच्या फौजेला हरवल्याचं सांगतो. तिथे ताजिक म्हणजे शत्रू. दोनशे वर्षांनी, त्याच बाजूच्या किनाऱ्यावर, ताजिक म्हणजे राजाचा मंडलाधिपती. शब्द तोच आहे. एका ताम्रपटावरून 'गुण्यागोविंद' लिहिणारा दुसऱ्यावरून 'कायमचं वैर' लिहील, आणि दोघांनाही आठपैकी दोनच मिळतील. शिवाय मधुमतीच्या बापाचं शहरियार हे नाव इराणी वळणाचं आहे, त्यामुळे 'अरब सुभेदार' असं ठामपणे लिहायलाही मी धजणार नाही. ताजिक लिहावं, दस्तात तेच आहे.

चिंचणीला मिळालेल्या इतर ताम्रपटांत याच मठिकेची पुढची हकीकत आहे. तिसऱ्या कृष्णाच्या काळात, म्हणजे काही दशकांनीच, मठिकेचा शेजारच्या देवळाशी जमिनीवरून तंटा झाला. ते देऊळ भिल्लमाळहून, म्हणजे राजस्थानातल्या भीनमाळहून, आलेल्या व्यापाऱ्यांचं. मठिकेची जागा देवळाच्या वापरात होती. तडजोड अशी झाली की देवळाने मठिकेला वर्षाला 40 द्रम्म भाडं द्यायचं. चंद्रसूर्य असेपर्यंत टिको म्हणून दिलेली दानं अशी दोनेक पिढ्यांत भाडेपट्ट्यावर येतात. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला या तंट्यातून जास्त मिळतं : भाडं नाण्यांत ठरतंय, आणि व्यापाऱ्यांचं देऊळ बंदराच्या गावात जागेसाठी नगद मोजतंय.

पुढे सन 1034 च्या ताम्रपटात शिलाहारांचा सामंत चामुंडराज याच मठिकेला तेलाचा एक घाणा देतो, देवीपुढच्या दिव्यासाठी आणि तिथे येणाऱ्या विद्वानांच्या पायांना लावायच्या तेलासाठी. घाण्याचं उत्पन्न दान देता येतं, म्हणजे गावात तेल गाळण्याचा धंदा होता आणि त्यावर वरून हक्क सांगितला जात होता. त्याच ताम्रपटात संयानच्या मंडळींमध्ये अल्लिय, महर आणि मधुमत अशी नावं येतात. पहिलं अली. तिसऱ्याचं काय, ते भाच्याने माझ्याआधी सांगितलं. शंभर वर्षं झाली होती, राजघराणं बदललं होतं, आणि संयानला मुहम्मद नावाचा कुणीतरी अजून होता.

रात्री जेवणं झाल्यावर त्याने उत्तर पुन्हा लिहिलं. या वेळी पाऊणच पान झालं. सुरुवात अशी : "हा उतारा दानपत्राचा आहे, त्यामुळे दानाच्या तपशिलावर अधिक आणि स्तुतीवर कमी भर दिला आहे." मग होडी, बंदरं, भात, काणाडुक, नऊ जण. प्रत्येक माहितीच्या पुढे उताऱ्यातला शब्द, आणि अनुमान असेल तिथे 'असावे'. सहिष्णुता एकदाच आली, तीही अशी : "राजाने ताजिक व्यक्तीकडे मंडल सोपवले व त्याच्या अमलात ब्राह्मणाच्या मठिकेला दान मिळाले, लोकांचे परस्परसंबंध कसे होते हे या उताऱ्यावरून ठरवता येत नाही." ते वाक्य लिहून त्याने दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा तसंच ठेवलं.

भाईजानांनी चष्मा लावून पान वाचलं आणि परत दिलं. "बाकी ठीक आहे," ते म्हणाले, "काणाडुकच्या माणसांची ओळ राहिली." भाच्याने पेन पुन्हा उघडलं.